कागद कधी उलटायचा: एका कथेच्या पहिल्या वाक्याचे प्रकरण

हे प्रकरण एका लघुकथेच्या पहिल्या वाक्याचे आहे. कथा सुमारे साडेतीन हजार शब्दांची होती आणि लेखिकेने ती शेवटापर्यंत लिहून माझ्याकडे संपादनासाठी पाठवली होती. मात्र पहिल्या पानावर एका वाक्याऐवजी वेगवेगळी वाक्ये एकाखाली एक उतरवलेली होती. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते, "यांतले कोणते ठेवावे ते ठरत नाही. मला स्वतःला शेवटचे आवडते, पण ते फार भडक वाटेल का, ते तुम्ही सांगा." ही वाक्ये, त्यांची पारख ज्या रीतीने झाली ती रीत आणि शेवटी छापले गेलेले वाक्य यांची नोंद लेखिकेच्या संमतीने येथे करत आहे.

कथा तिच्या शेवटासह आधी सांगावी लागेल, कारण शेवट ठाऊक नसताना सुरुवातीची पारख करता येत नाही. अण्णांची दृष्टी गेलेली आहे. मुलगा, ज्याला घरात सगळे दादा म्हणतात, बोटीवर नोकरीला आहे आणि अधूनमधून पत्र पाठवतो. ते पत्र धाकटी मुलगी सुमन अण्णांना वाचून दाखवते. एके दिवशी पोस्टमन पाकीट देऊन जातो आणि अण्णा खुर्चीतूनच विचारतात, "दादाचं का?" पाकिटात बोटीच्या कंपनीचे एकपानी पत्र असते: दादाचा समुद्रावर मृत्यू झालेला आहे. सुमन तो कागद हातात धरून उभ्या उभ्या दादाचे पत्र रचते आणि मोठ्याने वाचून दाखवते. त्यानंतर वर्षभर ती अशी पत्रे "वाचत" राहते. शेवटी अण्णा तिला उत्तर लिहायला बसवतात आणि म्हणतात की, दादाला लिही, आता पत्रं पाठवली नाहीस तरी चालेल. मग थोड्या वेळाने इतकेच म्हणतात, "ते पहिलं पत्र एकाच पानाचं होतं गं." दादा नेहमी कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहीत असे, त्यामुळे प्रत्येक पत्र वाचताना मध्ये कागद उलटल्याचा आवाज येई. त्या दिवशी तो आला नव्हता. अण्णांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, आणि मुलीने आपल्यासाठी चालवलेले नाटक ते मुलीसाठी ऐकत राहिले होते.

म्हणजे ही कथा मृत्यूची नाही, आणि खोटेपणा उघडकीला येण्याचीही नाही. दोन माणसे एकमेकांना सांभाळण्यासाठी एकच सोंग दोन बाजूंनी निभावतात, त्याची ती कथा आहे. पहिल्या वाक्याची सगळी चर्चा याच जागेपाशी फिरून येत होती.

यादीतले पहिले वाक्य पावसाचे होते: "पहाटेपासून पावसाची रिपरिप चालू होती आणि घरात एक उदास शांतता भरून राहिली होती." त्याच्यावर वेळ घालवण्याचे कारण नव्हते. ते उचलून दुसऱ्या कोणत्याही उदास कथेच्या डोक्यावर ठेवले तरी तिथे बसले असते, आणि या कथेत पुढे पावसाला काही कामही नव्हते. "खोटं बोलायला क्षण पुरतो, ते निभवायला आयुष्य लागतं" या दुसऱ्या वाक्याचीही तीच गत झाली. सुभाषिताने सुरुवात करणारी कथा आपला निष्कर्ष आधी वाचकाच्या हातात देते आणि मग त्याने पुढची पाने पुरावा म्हणून वाचावीत अशी अपेक्षा करते. शिवाय येथे निष्कर्षही अपुरा होता, कारण त्यात अण्णांच्या बाजूचे सोंग बसतच नव्हते.

तिसरे वाक्य परिचयाचे होते: "सुमनचे वडील निवृत्त शिक्षक होते आणि चार वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी पूर्णपणे गेल्यापासून घरात येणारा प्रत्येक कागद सुमनच त्यांना वाचून दाखवत असे." हे वाक्य वाईट नाही. ते स्वच्छ आहे, आणि त्यातली माहिती वाचकाला केव्हातरी लागणारच आहे. अडचण अशी की ही माहिती वाचकाला हवीशी वाटण्याच्या आधीच दिली जाते. अंधत्व, नोकरी, घरातली जबाबदारी या गोष्टी एखाद्या अर्जातल्या रकान्यांसारख्या भरल्या जातात आणि वाचकाला विचारण्यासारखे काही उरत नाही. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन कवी होरेस याने होमरची वाखाणणी करताना म्हटले आहे की, तो ट्रॉयच्या युद्धाची हकीकत लीडाच्या अंड्यापासून, म्हणजे ज्या हेलनमुळे ते युद्ध झाले तिच्या जन्मापासून, सुरू करत नाही, तर वाचकाला थेट घटनांच्या मध्यात नेतो. परिचयाचे वाक्य म्हणजे नेमकी अंड्यापासूनची सुरुवात. त्यातला निवृत्त शिक्षक कथेत पुढे कुठेच लागत नव्हता, म्हणून तो गाळला गेला. अंधत्व मात्र ठेवायचे होते, फक्त ते माहिती म्हणून न सांगता एखाद्या कृतीतून यायला हवे होते.

चौथी सुरुवात संवादाची होती: "'पत्र आलं का?' अण्णांनी विचारलं." अशा सुरुवातीला गती असते, हे खरे आहे. पण वाचकाने अजून न खोली पाहिली आहे, न माणूस. त्यामुळे हा आवाज कुठून येतो आहे आणि या प्रश्नात काळजी आहे की नुसती सवय, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. पुढे एका परिच्छेदात सगळे समजावून दिल्यावर तो मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा वाचतो, म्हणजेच पहिल्या वाचनात ते वाया गेलेले असते. हाच प्रश्न अण्णांची ओळख झाल्यानंतर आला तर चांगला लागतो, आणि अंतिम मसुद्यात तो तसाच, तिसऱ्या परिच्छेदात, आला आहे.

खरी ओढाताण उरलेल्या दोन वाक्यांत झाली. एक लेखिकेचे आवडते:

"दादा वारल्याचं पत्र सुमनने अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं, पण त्यातलं एकही वाक्य तिने उच्चारलं नाही."

आणि दुसरे, जे तिने यादीत जवळजवळ भरीला भर म्हणून लिहिले होते:

"वाचता वाचता मध्ये एकदा कागद उलटायला हवा, हे सुमनला दुसऱ्या पत्राच्या वेळी सुचलं."

पहिल्याला आपण सोयीसाठी मृत्यूचे वाक्य म्हणू आणि दुसऱ्याला कागदाचे. मृत्यूचे वाक्य वाचकाला लगेच पकडते, याबद्दल वाद नाही. त्यात मृत्यू आहे, फसवणूक आहे आणि वाचून दाखवले पण उच्चारले नाही असा पेच आहे. "एवढं सगळं एका वाक्यात येत असताना दुसरं कशाला हवं?" असे लेखिकेने विचारले, आणि हा प्रश्न योग्य होता. त्याला नुसत्या आवडीनिवडीने उत्तर देऊन भागले नसते, म्हणून दोन्ही वाक्ये आम्ही तीन प्रकारे तपासली.

पहिली तपासणी अशी की पहिले वाक्य एकटे न वाचता त्याच्यामागची दोन-तीन वाक्ये लिहून पाहायची. सुरुवातीच्या वाक्याने दुसऱ्या वाक्याला कोणत्या कामाला लावले, यावरून त्याची खरी किंमत कळते. मृत्यूच्या वाक्यानंतर लेखिकेने लिहिले: "चार वर्षांपूर्वी अण्णांची दृष्टी गेली होती. तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक कागद तीच वाचत असे. दादा बोटीवर नोकरीला होता आणि त्याची पत्रं दोन-तीन महिन्यांनी येत असत." क्रियापदे पाहावीत: गेली होती, वाचत असे, होता, येत असत. कथा एक पाऊल पुढे टाकून लगेच मागे वळली आहे. पहिल्या वाक्यातला पेच सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि तो सोडवायला पूर्वपीठिका लागते, म्हणून नाकारलेले परिचयाचे वाक्यच मागच्या दाराने परत आले. पहिल्या वाक्यानंतर पूर्ण भूतकाळाची आणि "असे, असत" यांची रांग लागली तर सुरुवात स्वतःच्या पायावर उभी नाही असे समजायला हरकत नाही. ही खूण इतर कथांतही उपयोगी पडते.

कागदाच्या वाक्यानंतरचा मसुदा असा झाला: "दादा नेहमी पाठपोट लिहायचा. अण्णा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. उघडे काय आणि मिटलेले काय, त्यांना सारखंच होतं, पण पत्र ऐकताना ते मिटून घ्यायचे. सुमनने कागद उलटला, जरा जास्तच आवाज करून, आणि पुढे वाचू लागली." येथे मागे जाण्याची वेळ आली नाही. "लिहायचा" आणि "घ्यायचे" हे सवयीचे भूतकाळ आहेत खरे, पण ते चालू प्रसंगातच मिसळून जातात. अंधत्व डोळे मिटण्याच्या एका लकबीतून आले, दादाची लिहिण्याची पद्धत चार शब्दांत आली, आणि सुमनचे हात हलताना दिसले.

दुसरी तपासणी वाचकाच्या मनातल्या प्रश्नाची. वाक्य वाचून वाचक कोणता प्रश्न विचारील तो कागदावर लिहायचा आणि त्याचे उत्तर कथेत कुठे मिळते ते शोधायचे. मृत्यूच्या वाक्याने उभा राहणारा प्रश्न असा: अण्णांना कळेल तेव्हा काय होईल? हा जोरदार प्रश्न आहे, पण कथा त्याचे उत्तर देत नाही. अण्णांना "कळण्याचा" प्रसंग कथेत नाहीच. त्यांना आधीच कळलेले आहे. लेखिकेचे म्हणणे होते की हाच तर धक्का आहे: वाचक एका गोष्टीची वाट पाहतो आणि ती घडून गेलेली निघते. त्यात तथ्य आहे. परंतु धक्का बसला की वाचक मागे वळून पाहतो आणि कथेने आपल्याला ही शक्यता कुठे दाखवली होती का, ते तपासतो. मृत्यूच्या वाक्याने त्याला सुमनच्या बाजूला, सर्वज्ञ जागी बसवलेले असते. अण्णा फसवले जात आहेत हे त्याला सांगितल्यासारखेच झालेले असते. मग शेवट उकल न वाटता चलाखी वाटू लागतो.

कागदाच्या वाक्याने उभा राहणारा प्रश्न वेगळा आहे: पत्र वाचताना कागद उलटणे ही "सुचण्याची" गोष्ट कशी असेल? ज्याच्या हातात खरे पत्र आहे तो पान संपले की उलटतो, त्याला काही सुचावे लागत नाही. या प्रश्नाचे अर्धे उत्तर पहिल्याच पानावर मिळते, की सुमन वाचण्याचे सोंग करते आहे, आणि उरलेले अर्धे शेवटच्या पानावर मिळते, कारण दुसऱ्या पत्राच्या वेळी सुचले याचाच अर्थ पहिल्याच्या वेळी सुचले नव्हते. शेवटच्या संवादाचा पुरावा कथेच्या पहिल्या ओळीत उघड्यावर ठेवलेला आहे. वाचक तो पाहतो, सुमनच्या हुशारीची नोंद म्हणून वाचतो आणि पुढे जातो. अण्णांनी मात्र तो पहिल्या दिवशीच ऐकलेला असतो.

लेखिकेने येथे एक रास्त शंका काढली. साडेतीन हजार शब्दांनंतर वाचकाला पहिल्या वाक्यातले "दुसऱ्या" आठवेल का? आठवायलाच हवे असे नाही, पण मागे जाऊन पाहिले तर सापडायला हवे, आणि सुमनची कागद उलटण्याची सवय मधल्या भागात एकदा तरी पुन्हा दिसायला हवी. तिने तशी एक जागा केली: पाचव्या की सहाव्या पत्राच्या वेळी सुमन इतकी सराईत झालेली असते की तिच्या हातात जुने बिल असते आणि ती ते योग्य जागी उलटते.

तिसरी तपासणी वाचकांवर केली. काही ओळखीच्या वाचकांना ही दोन वाक्ये वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर दिली. कथा कुणालाच ठाऊक नव्हती. "कोणते आवडले?" असे विचारले नाही. तसे विचारले की लोक भारदस्त वाक्य निवडतात आणि निवडीचे कारण नंतर शोधतात. त्याऐवजी "पुढे काय वाचायला मिळेल असे वाटते?" एवढेच विचारले. मृत्यूच्या वाक्यावर सगळ्यांची उत्तरे जवळजवळ सारखी होती: वडिलांना सत्य कळेल, ते कोसळतील, मुलगी रडेल. वाचकांनी एक कथा मनातल्या मनात लिहून टाकली होती, आणि ती आमच्या कथेपेक्षा ढोबळ होती. कागदाच्या वाक्यावर उत्तरे फाकली. कुणी म्हणाले की ती काहीतरी लपवते आहे, कुणी म्हणाले की ऐकणाऱ्याला दिसत नसावे, आणि एका वाचकाने सुमन ही रेडिओवर नभोनाट्य वाचणारी कलाकार आहे असे ठरवून टाकले.

हे शेवटचे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. कुतूहल आणि गोंधळ यांत फरक आहे, तो असा की कुतूहल असलेल्या वाचकाला आपण कुठे उभे आहोत हे माहीत असते आणि पुढचे माहीत नसते. गोंधळलेल्याला उभे राहायला जागाच नसते. कागदाच्या वाक्यात ऐकणारा माणूस नव्हता, त्यामुळे रेडिओच्या वाचकाला दोष देता येत नव्हता. लेखिकेने पहिली दुरुस्ती "दादाच्या दुसऱ्या पत्राच्या वेळी" अशी सुचवली. नाते स्पष्ट झाले, पण वाक्य खोटे झाले. पत्र दादाचे नाही हे निवेदकाला ठाऊक आहे. सुमनने अण्णांशी खोटे बोलावे, निवेदकाने वाचकाशी बोलू नये. एखादी गोष्ट न सांगणे हा निवेदकाचा अधिकार आहे, पण जी नाही ती आहे असे सांगितले की शेवटी वाचक हिशेब मागतो. म्हणून "दादाच्या" काढून ऐकणारा वाक्यात आणला:

"अण्णांना वाचून दाखवताना मध्ये एकदा कागद उलटायला हवा, हे सुमनला दुसऱ्या पत्राच्या वेळी सुचलं."

"अण्णा" या एका संबोधनाने घर आले, नाते आले आणि रेडिओ गेला. पुढच्याच वाक्यात "दादा" येत असल्यामुळे तिन्ही माणसे दोन ओळींत ओळखीची होतात आणि कुणाचा परिचय करून द्यावा लागत नाही.

शब्दांच्या क्रमावरही थोडे काम झाले. लेखिकेचा एक पर्याय असा होता: "दुसऱ्या पत्राच्या वेळी सुमनला सुचलं, की अण्णांना वाचून दाखवताना मध्ये एकदा कागद उलटायला हवा." माहिती तीच आहे. पण मराठी वाक्यात क्रियापदाच्या लगेच आधीच्या जागेवर जोर येतो, आणि सुरुवातीला आलेला काळाचा उल्लेख वाचक नुसती चौकट म्हणून ओलांडून जातो. या पर्यायात "दुसऱ्या" हे ज्या जागी कुणी पाहत नाही त्या जागी पडले होते. ठेवलेल्या वाक्यात ते "सुचलं"च्या शेजारी उभे आहे: मोठ्याने वाचले तर आवाज आपोआप तिथे किंचित टेकतो, तरी ते लपवल्यासारखे वाटत नाही आणि अधोरेखित केल्यासारखेही वाटत नाही.

या निवडीला मर्यादा आहे, आणि ती लेखिकेला मी सांगितली होती. कागदाचे वाक्य हळू आवाजाचे आहे. घाईत पाने चाळणारा वाचक ते वाचून पुढच्या मजकुराकडे जाऊ शकतो. मृत्यूच्या वाक्याने तो थांबला असता. मात्र थांबलेला वाचक ज्या कथेच्या अपेक्षेने थांबला, ती त्याला मिळाली नसती. ही कथा सातशे-आठशे शब्दांची असती आणि अण्णांच्या बाजूचा शेवट तिच्यात नसता, तर मी मृत्यूचे वाक्यच ठेवायला सांगितले असते, कारण तेव्हा सुमनचा तो एक क्षण हीच कथा झाली असती. त्यामुळे वाक्य वाईट म्हणून नाकारले गेले असे झाले नाही. ते दुसऱ्या कथेचे होते.

ते वायाही गेले नाही. कंपनीचे पत्र येण्याचा प्रसंग कथेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागाअखेर उलगडतो आणि तिथे ते वाक्य पेच काढून, साधे करून वापरले आहे: "सुमनने कागद वर धरला आणि वाचायला सुरुवात केली. कागदावर होतं त्यातलं काहीच ती वाचत नव्हती." तोवर वाचकाला अण्णा माहीत असतात, खुर्ची माहीत असते, मिटलेले डोळे माहीत असतात, त्यामुळे तिथे "दादा वारला" असे निवेदकाला निराळे सांगावे लागत नाही; कंपनीच्या पत्रातली एक कोरडी ओळ सुमनच्या नजरेखालून जाते, तेवढे पुरते. मथळ्यात मात्र बदल करावा लागला. मूळ मथळा "दादाचं शेवटचं पत्र" असा होता आणि त्याने मृत्यूच्या वाक्याचे काम त्याच्याही आधी करून ठेवले असते. लेखिकेने तो काढून "पाठपोट" हा मथळा दिला, आणि कथा त्याच नावाने छापायला गेली.